स्क्रोल केलेल्या लांब तक्त्याच्या रेकॉर्डिंगमधून एकसंध तक्ता कसा तयार करावा

काही प्रणालींमध्ये माहिती डोळ्यांना दिसते, पण बाहेर काढता येत नाही. तक्ता स्क्रीनवर उघडतो, खाली खाली सरकवत नेला की शेकडो ओळी समोरून जातात, मात्र ती माहिती फाइलमध्ये उतरवून घेण्याचे बटण कुठेच नसते. अशा वेळी सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे स्क्रीनचे रेकॉर्डिंग करायचे, तक्ता वरपासून खालपर्यंत सरकवायचा आणि नंतर त्या चित्रफितीतून ओळी वेचून एक तक्ता तयार करायचा. उपाय योग्यच आहे. अडचण जोडणीत येते, कारण चित्रफितीत प्रत्येक ओळ एकदा दिसत नाही, ती दहा, वीस, कधी शंभर फ्रेममध्ये दिसते. त्या शंभर दर्शनांमागे ओळ एकच आहे की दोन, हे ठरवणे हाच या कामाचा गाभा आहे.

मी हे काम पहिल्यांदा केले तेव्हा तापमानाच्या नोंदींचा एक तक्ता समोर होता. त्यात वेळ, यंत्र क्रमांक आणि तापमान असे तीन रकाने होते आणि तळाशी ‘एकूण नोंदी ३१८’ असे लिहिलेले होते. रेकॉर्डिंगमधून दर सेकंदाला एक फ्रेम काढली, प्रत्येक फ्रेमवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे वाचणारे साधन, चालवले, सगळ्या ओळी एकाखाली एक चिकटवल्या आणि स्प्रेडशीटमधली दुबार ओळी काढून टाकण्याची सोय वापरली. उरलेल्या ओळी मोजल्या, तर नेमक्या ३१८ भरल्या. काम फत्ते झाले असे वाटले. पुढे मूळ पडद्याशी एकेक ओळ ताडून पाहिली तेव्हा कळले की एकोणतीस खऱ्या ओळी गायब होत्या आणि दुसऱ्या एकोणतीस ओळी दोनदा आल्या होत्या. गळालेल्या सगळ्या ओळी हुबेहूब आपल्या शेजारच्या ओळीसारख्या होत्या. चार ठिकाणी यंत्राने एकाच मिनिटात दोनदा मापन केले होते आणि दोन्ही वेळा तापमान तेच आले होते, उरलेल्या पंचवीस ओळी एकसारख्या ओळींच्या एका लांब मालिकेतल्या होत्या. दुबार आलेल्या ओळींमध्ये ओसीआरने, उदाहरणार्थ, एका फ्रेममध्ये २३.८ वाचले होते आणि दुसऱ्या फ्रेममध्ये २३.३, त्यामुळे स्प्रेडशीटच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या ओळी ठरल्या. वजा एकोणतीस आणि अधिक एकोणतीस मिळून बेरीज बरोबर आली होती आणि तक्ता मात्र चुकीचा होता.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. ओळीची ओळख तिच्या मजकुरावरून ठरवली गेली. मजकूर सारखा असूनही ओळी दोन असू शकतात आणि मजकूर वेगळा वाचला गेला तरी ओळ एकच असू शकते. ओळीची खरी ओळख म्हणजे तक्त्यातली तिची जागा, म्हणजेच वरून ती कितवी आहे हा क्रमांक. जोडणीचे सगळे काम प्रत्येक फ्रेममधल्या प्रत्येक ओळीचा हा क्रमांक शोधण्याचे आहे. तो एकदा सापडला की दुबार ओळी वेगळ्या काढाव्या लागत नाहीत. ११६ क्रमांकाची ओळ वीस फ्रेममध्ये दिसली, तर ती एकाच ओळीची वीस वाचने होतात. ११७ क्रमांकाची ओळ अक्षरशः तशीच असली तरी तिचा क्रमांक वेगळा असल्यामुळे ती सुरक्षित राहते.

फ्रेम किती सरकली

क्रमांक शोधण्यासाठी आधी हे कळायला हवे की एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तक्ता किती पिक्सेल वर सरकला. या अंतराला आपण ‘सरक’ म्हणू. पहिल्या फ्रेमची जागा शून्य धरून प्रत्येक फ्रेमची सरक मिळवत गेले की कोणतीही फ्रेम संपूर्ण तक्त्याच्या कोणत्या उंचीवर आहे हे समजते. माझ्या तक्त्यात प्रत्येक ओळ ३६ पिक्सेल उंच होती आणि शीर्षओळीच्या खालचा, ओळी दिसणारा भाग ७२० पिक्सेलचा होता, म्हणजे एका वेळी वीस ओळी दिसत. एखादी फ्रेम ३६०० पिक्सेलवर असेल, तर तिच्या वर शंभर ओळी निघून गेल्या आहेत आणि तिच्यात १०१ ते १२० या ओळी आहेत, इतका हा हिशेब सरळ आहे.

सरक मोजण्यापूर्वी चित्रातले तक्त्याबरोबर न हलणारे भाग कापून टाकावे लागतात. वर चिकटून राहणारी शीर्षओळ, तळाची पट्टी, कडेचा स्क्रोलबार, एखादे तरंगते बटण, माउसचा बाण, हे सगळे तक्त्याबरोबर सरकत नाहीत आणि मोजणी करणाऱ्याला सतत सांगत राहतात की काहीच हललेले नाही. ते तसेच ठेवले तर दोन फ्रेममधली सरक शून्य येण्याचा धोका असतो. काय हलत नाही हे ओळखण्याची सोपी युक्ती अशी की तक्ता पुरेसा सरकलेला असताना रेकॉर्डिंगमधल्या बऱ्याच फ्रेम एकमेकींशी ताडायच्या. ज्या जागेचे पिक्सेल सर्वत्र सारखे राहतात, तो तक्त्याबाहेरचा भाग असतो किंवा रिकामी पार्श्वभूमी असते.

फ्रेम काढताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. स्क्रीन रेकॉर्ड करणारी अनेक साधने पडद्यावर बदल झाला तेव्हाच नवी फ्रेम लिहितात, त्यामुळे चित्रफितीतल्या फ्रेममधले अंतर समान नसते. ठरावीक वेगाने फ्रेम मागितल्या तर साधन काही फ्रेम दोनदा देते आणि काही गाळते. म्हणून जितक्या फ्रेम प्रत्यक्षात नोंदल्या गेल्या तितक्याच, जशाच्या तशा काढाव्यात.

```
ffmpeg -i rec.mp4 -fps_mode passthrough f_%05d.png
```

त्यानंतर लागोपाठच्या दोन फ्रेम घेऊन दुसरी फ्रेम पहिलीवर वेगवेगळ्या सरकांनी ठेवून पाहायची आणि सर्वांत कमी फरक कुठे येतो ते शोधायचे.

```
def sarak(a, b, max_d):
    h = a.shape[0]
    return min(range(max_d),
               key=lambda d: abs(a[d:] - b[:h-d]).mean())
```

इथे `a` आणि `b` या करड्या रंगात बदललेल्या, फक्त तक्त्याचा भाग ठेवलेल्या फ्रेम आहेत आणि त्यांचे आकडे दशांश प्रकारात बदलून घेतलेले असले पाहिजेत. ते न बदलता मूळच्या शून्य ते २५५ या प्रकारातच ठेवले, तर वजाबाकी शून्याखाली गेल्यावर उलटून मोठा आकडा देते आणि सगळी मोजणी बिघडते. ही चूक सहज होते आणि ती झाली असल्याचा कोणताही संदेश येत नाही. तक्ता मध्येच उलट दिशेने सरकला असेल, तर दोन्ही फ्रेमची अदलाबदल करून हीच मोजणी पुन्हा करायची आणि दोन उत्तरांपैकी कमी फरकाचे घ्यायचे. शेवटाला पोहोचल्यावर काही पडद्यांवर तक्ता रबरासारखा थोडा पुढे ताणला जाऊन मागे येतो. तिथे उलट सरक मोजली नाही, तर शेवटच्या ओळींचे क्रमांक चुकतात.

तक्ता स्वतःसारखाच दिसतो, ही खरी अडचण

निसर्गदृश्यांचे फोटो जोडणाऱ्या पद्धती तक्त्यावर वापरल्या तर त्या अनेकदा फसतात. डोंगर आणि झाड वेगळे दिसतात, पण तक्त्याच्या ओळी एकमेकींसारख्याच असतात. रेषा ठरावीक अंतरावर असतात, पार्श्वभूमी पांढरी असते, आकड्यांचे रकाने एकाखाली एक असतात. त्यामुळे खरी सरक ४६८ पिक्सेल असेल, तर ४३२ आणि ५०४ या सरकांनाही रेषा तंतोतंत एकमेकींवर बसतात, कारण या आकड्यांत बरोबर एकेका ओळीचा, म्हणजे ३६ पिक्सेलचा फरक आहे. तिन्हींमध्ये भेद करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे अक्षरे. अक्षरांनी व्यापलेले पिक्सेल एकूण चित्राच्या मानाने थोडे असतात, म्हणून सरासरी फरकातली तफावत लहान दिसते.

यावरून एक सवय लावून घ्यावी. सर्वांत कमी फरकाची सरक घेऊन थांबू नये, दुसऱ्या क्रमांकाची सरकही पाहावी. पहिलीचा फरक दुसरीच्या मानाने स्पष्टपणे कमी असेल तर जोड भक्कम आहे. दोन्ही जवळजवळ सारख्या असतील आणि त्यांच्यातले अंतर नेमके एका ओळीचे किंवा दोन ओळींचे असेल, तर तो जोड संशयास्पद मानून बाजूला ठेवावा. एकाआड एक ओळ फिक्या रंगात असलेल्या तक्त्यात ही गल्लत बहुधा दोन ओळींची होते, कारण तिथे रंगांचा नमुना दोन ओळींनी परत येतो.

या अडचणीतून सुटण्याचा सर्वांत चांगला मार्ग रेकॉर्डिंग करतानाच हाती असतो आणि तो म्हणजे सावकाश सरकवणे. दोन फ्रेममधली सरक अर्ध्या ओळीपेक्षा, म्हणजे इथे १८ पिक्सेलपेक्षा कमी असेल, तर एका ओळीची गल्लत होऊच शकत नाही, कारण जवळचे उत्तर हेच खरे उत्तर असते. फिरणाऱ्या चाकाच्या चित्रफितीत आरे कधी उलटे फिरताना दिसतात, त्याचे कारण हेच आहे. दोन फ्रेममध्ये चाक इतके फिरते की प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेजवळ पोहोचतो आणि डोळ्याला तो थोडा मागे आल्यासारखा वाटतो. तक्त्याच्या ओळी म्हणजे असेच आरे. सेकंदाला खरोखर ६० फ्रेम नोंदल्या जात असतील, तर ही मर्यादा सेकंदाला ३० ओळींची होते, ३० फ्रेम असतील तर १५ ओळींची. प्रत्यक्षात साधने मध्येच फ्रेम गाळतात, म्हणून मी सेकंदाला पाच ओळींच्या वर जात नाही. ३१८ ओळींना त्या वेगाने एक मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. हा एक मिनिट पुढची कित्येक तासांची ताडणी वाचवतो, त्यामुळे घाई करण्यात काहीच अर्थ नाही. पेज डाउनची कळ दाबून उडी मारत जाणे मात्र टाळावे. त्यात लहान सरका मिळतच नाहीत आणि प्रत्येक जोड पूर्णपणे अक्षरांवर अवलंबून राहतो.

एक जोड जवळून

तरीही मोठ्या उड्या असलेले रेकॉर्डिंग हाती येते, कारण अनेकदा ते दुसऱ्या कोणी केलेले असते. अशा वेळी मजकुराच्या आधारे जोड कसा पारखावा, हे माझ्या तक्त्यातल्या एका जागी पाहू. पहिल्या फ्रेममध्ये १०१ ते १२० या ओळी होत्या. तिच्या शेवटच्या सात ओळी अशा होत्या.

```
१०:४०  म-२  २१.९
१०:४१  म-७  २३.४
१०:४२  म-७  २३.४
१०:४२  म-७  २३.४
१०:४२  म-२  २१.९
१०:४३  म-५  २२.८
१०:४४  म-७  २३.५
```

पुढच्या स्वच्छ फ्रेमच्या पहिल्या सात ओळी याच होत्या, फक्त सहाव्या ओळीत ओसीआरने २२.८ ऐवजी २२.३ वाचले होते. आता प्रश्न असा की दोन्ही फ्रेममध्ये सामाईक ओळी किती. सात धरल्या तर सातपैकी सहा ओळी पूर्ण जुळतात आणि उरलेल्या एकीत एकाच अक्षराचा फरक राहतो. सहा धरल्या, म्हणजे सरक एका ओळीने जास्त मानली, तर पहिल्या फ्रेमची ‘१०:४१ म-७’ ही ओळ दुसरीच्या ‘१०:४० म-२’ या ओळीसमोर येते, पुढच्याही जोड्या बिघडत जातात आणि सहापैकी फक्त एकच जोडी जुळते. जुळते तीही १०:४२ च्या जुळ्या ओळींमुळे. आठ धरल्या तरी तसेच होते, आठपैकी एकच जोडी जुळते आणि तीही त्याच जुळ्या ओळींची. म्हणजे उत्तर सात. सरक तेरा ओळींची आणि ती ४६८ पिक्सेल या मोजणीशी मिळते.

इथे दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली अशी की ओळी सुट्या सुट्या न जुळवता सलग क्रमाने जुळवल्या, म्हणून १०:४२ च्या दोन सारख्या ओळींपैकी एकही गळाली नाही. त्या पहिल्या फ्रेममध्ये दोन होत्या, दुसऱ्या फ्रेममध्येही दोन होत्या आणि जोडल्यावरही दोनच राहिल्या. दुसरी गोष्ट अशी की जुळणी शंभर टक्के असावी असा आग्रह धरला नाही. तसा आग्रह धरला असता तर २२.८ आणि २२.३ यांच्यामुळे बरोबर जोडही नाकारला गेला असता. ओसीआर ० आणि ओ सारखी गोल अक्षरे, ८ आणि ३ किंवा १ आणि उभी रेघ यांत गोंधळते, विशेषतः इंग्रजी आकड्यांच्या तक्त्यांत. म्हणून दोन ओळींमध्ये किती अक्षरे बदलावी लागतील हे मोजून एखाद्या अक्षराचा फरक चालवून घ्यावा, मात्र संपूर्ण सामाईक पट्ट्याचा कौल पाहूनच निर्णय घ्यावा. सामाईक ओळी जितक्या जास्त, तितका कौल पक्का. तीनपेक्षा कमी सामाईक ओळींवर उभा असलेला जोड मी स्वीकारत नाही.

आणि सामाईक ओळ एकही नसेल तर? सर्व सरकांना फरक सारखाच मोठा येतो, मजकूर कुठेच जुळत नाही, म्हणजे दोन फ्रेममध्ये तक्ता वीस किंवा त्याहून जास्त ओळी उडून गेलेला असतो. अशा ठिकाणी ओळी एकाखाली एक लावून पुढे जाण्याचा मोह होतो, कारण तयार झालेला तक्ता दिसायला सलग असतो. तिथे जोड करूच नये. तक्ता दोन तुकड्यांत ठेवावा, मध्ये ‘इथे ओळी सुटल्या आहेत’ अशी ठळक खूण करावी आणि तेवढ्याच भागाचे पुन्हा रेकॉर्डिंग करावे.

जिथे सगळ्याच ओळी सारख्या

माझ्या तक्त्यात एक जागा याहून कठीण होती. एक यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रणालीने २०१ ते २२६ अशा सलग २६ ओळी एकाच वेळेच्या, एकाच यंत्राच्या आणि ०.० तापमानाच्या लिहिल्या होत्या. पडद्यावर एका वेळी वीस ओळी मावतात आणि या ओळी सव्वीस आहेत. त्यामुळे २०० क्रमांकाची ओळ वर नाहीशी झाल्यापासून २२७ क्रमांकाची ओळ खालून डोकावेपर्यंत सहा ओळींचा, म्हणजे २१६ पिक्सेलचा असा पट्टा आहे की ज्यात पडद्यावर फक्त एकसारख्या ओळी असतात. या पट्ट्यात मजकूर काहीच सांगू शकत नाही. सरक शून्य धरा, एक ओळ धरा किंवा तीन ओळी धरा, सगळे तितकेच चांगले जुळते. मजकुरावर विसंबणारी कोणतीही पद्धत, मग ती कितीही काळजीपूर्वक केलेली असो, इथे अंदाजच करते.

उत्तर फक्त हालचालीतून मिळते. रेकॉर्डिंग सावकाश असेल आणि प्रत्येक फ्रेमला सुमारे ९ पिक्सेल सरक असेल, तर हा पट्टा सुमारे चोवीस फ्रेममध्ये पार होतो आणि प्रत्येक फ्रेमची सरक अर्ध्या ओळीच्या आत असल्यामुळे बेरीज निःसंशय २१६ येते. उडी मारत केलेले रेकॉर्डिंग असेल तर हा रस्ता बंद होतो.

तेव्हा कामी येतो तो स्क्रोलबार. मोजणीतून आपण त्याला आधी वगळलेच होते, आता त्याच्याकडे स्वतंत्र साक्षीदार म्हणून परत यायचे. पूर्ण तक्ता ३१८ ओळींचा, म्हणजे ११,४४८ पिक्सेल उंच आहे. स्क्रोलबारची लांबी ७२० पिक्सेल आणि त्यातला सरकणारा ठोकळा सुमारे ४५ पिक्सेलचा, म्हणून ठोकळ्याला हलायला ६७५ पिक्सेल मिळतात. तेवढ्यात तक्ता १०,७२८ पिक्सेल सरकतो, म्हणजे ठोकळ्याचा एक पिक्सेल म्हणजे तक्त्याचे जवळपास १६ पिक्सेल. २१६ पिक्सेलच्या सरकेला ठोकळा साडेतेरा पिक्सेल हलला पाहिजे. एक ओळ कमी असती तर तो सव्वाअकरा पिक्सेल हलला असता. दोन पिक्सेलचा हा फरक मोठ्या केलेल्या चित्रात डोळ्यांनाही दिसतो.

या साक्षीदाराच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. तक्ता पाच हजार ओळींचा असेल, तर ठोकळ्याचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे सात ओळी होतात, मग त्यावरून एका ओळीचा निवाडा करता येत नाही, फक्त मोठी उडी पकडता येते. जे तक्ते खाली जाल तशा नव्या ओळी मागवतात, त्यांत एकूण उंचीच वाढत राहते आणि ठोकळा मध्येच मागे उडी मारतो. तिथे त्याच्यावर विसंबू नये. अशा तक्त्यांत ओळी येण्यापूर्वी काही क्षण करड्या रिकाम्या पट्ट्या दिसतात, त्या फ्रेमही मजकुरासाठी बाद कराव्यात.

वाचन वेगळे, मोजणी वेगळी

जागा ठरवणाऱ्या फ्रेम आणि मजकूर देणाऱ्या फ्रेम एकच असाव्यात असे काही बंधन नाही, आणि त्या वेगळ्या ठेवण्यात मोठा फायदा आहे. तक्ता सरकत असताना चित्रफीत दाबून साठवणाऱ्या यंत्रणेला थोड्या जागेत खूप बदल मांडावे लागतात, त्यामुळे अक्षरे धुरकट होतात. तक्ता थांबला की पुढच्या काही फ्रेममध्ये ती स्वच्छ होत जातात. सरक मोजायला धुरकट अक्षरेही पुरतात. वाचनासाठी मात्र सरक शून्य असलेल्या सलग फ्रेममधली शेवटची फ्रेम घ्यावी. म्हणूनच रेकॉर्डिंग करताना दर दहाबारा ओळींनी एक सेकंद थांबावे, म्हणजे प्रत्येक ओळ निदान एका स्थिर फ्रेममध्ये, बहुतेक ओळी दोन फ्रेममध्ये वाचायला मिळतात. लाल किंवा निळ्या बारीक अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे. बहुतेक चित्रफितींत रंगाची माहिती उंची-रुंदीत निम्म्या बारकाईने साठवली जाते, त्यामुळे काळ्या अक्षरांपेक्षा रंगीत अक्षरे आधी बिघडतात, आणि तक्त्यांत लाल रंग बहुधा उणे आकड्यांनाच दिलेला असतो.

वरच्या आणि खालच्या कडेला अर्धवट कापलेली ओळ कधीही वाचू नये. शीर्षओळीखाली निम्मा दडलेला आकडा ओसीआर आत्मविश्वासाने वाचते आणि चुकीचा वाचते. ज्या ओळीच्या वरची आणि खालची अशा दोन्ही रेषा चौकटीत आहेत, तीच ओळ वाचनात धरावी. जागा माहीत असल्यामुळे ही अट तपासणे सोपे असते.

मग प्रत्येक क्रमांकाच्या ओळीची सगळी वाचने एकत्र आणून रकान्यागणिक कौल घ्यावा. ११९ क्रमांकाच्या ओळीत तापमान तीनदा २२.८ आणि एकदा २२.३ वाचले गेले असेल, तर २२.८ धरावे. कौल समसमान झाला तर एक आकडा निवडून गप्प बसू नये, त्या घरावर खूण करून मूळ फ्रेम उघडून पाहावी. ३१८ ओळींत अशी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघतात आणि ती डोळ्यांनी पाहणे सहज शक्य असते.

क्रमांक काढताना ओळीची उंची मोजण्यातही एक फसवणूक दडलेली असते. पडद्याचे आकारमान १२५ टक्के केलेले असेल आणि मुळात ओळ २९ पिक्सेलची असेल, तर ती ३६.२५ पिक्सेलची होते. एका ओळीकडे पाहून ३६ मानले, तर दर ओळीला पाव पिक्सेलची चूक साठत जाते आणि १४४ ओळींनंतर क्रमांक पूर्ण एकाने पुढे गेलेला असतो. म्हणून उंची एका ओळीवरून न काढता वीस ओळींच्या पट्ट्यावरून काढावी, आणि प्रत्येक स्थिर फ्रेममध्ये रेषा हिशेबानुसार जिथे पडायला हव्यात तिथेच पडतात ना, हे तपासून एखाददुसऱ्या पिक्सेलची चूक तिथल्या तिथे मिटवावी. एखाद्या घरातला मजकूर दोन ओळींत मोडत असेल, तर ओळींची उंची समान राहत नाही आणि भागाकाराने क्रमांक निघत नाही. तेव्हा आडव्या रेषाच मोजाव्या लागतात. अशा तक्त्याचा एक लाभही आहे, कमीजास्त उंचीमुळे तो स्वतःसारखा दिसत नाही आणि सरक मोजणे सोपे होते.

तयार तक्त्याची परीक्षा

एकूण संख्या जुळणे पुरेसे नाही, हे वर आलेच आहे. तरी ती पाहावी, कारण ती जुळली नाही तर चूक आहे हे निश्चित होते. त्यानंतर १ ते ३१८ यांपैकी प्रत्येक क्रमांकाला निदान एक वाचन आहे का, हे पाहावे. एखाद्या क्रमांकाला एकही वाचन नसेल, तर ती ओळ चौकटीतून गेली पण कधीच स्वच्छ दिसली नाही. मजकुरातला स्वतःचा क्रमही मदत करतो. वेळ कधी मागे जाता कामा नये. गेली असेल तर तिथे चुकीचे वाचन तरी आहे किंवा चुकीचा जोड तरी. चुकीचे वाचन एकाच ओळीत दिसते, चुकीच्या जोडात काही ओळींची मालिकाच परत सुरू होते, त्यामुळे दोन्हींत फरक करता येतो. अनुक्रमांकाचा किंवा चालू शिलकीचा रकाना असेल तर परीक्षा फारच सोपी होते. शिलकीच्या तक्त्यात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीतून निघालीच पाहिजे, त्यामुळे गळालेली ओळ नेमक्या जागी उघडी पडते.

असे काहीच नसेल तेव्हा सर्वांत भरवशाची परीक्षा म्हणजे दुसरे रेकॉर्डिंग, तेही तळापासून वर सरकवत केलेले. त्यात फ्रेम वेगळ्या ठिकाणी थांबतात, जोड वेगळ्या ओळींवर पडतात आणि धुरकटपणाही वेगळ्या ओळींच्या वाट्याला येतो. दोन्ही रेकॉर्डिंगमधून स्वतंत्रपणे तक्ते तयार करून क्रमांकागणिक ताडले, तर तीच चूक दोन्हींत त्याच जागी होण्याची शक्यता फार थोडी राहते. याला अपवाद एकाच प्रसंगाचा. रेकॉर्डिंग चालू असताना तक्त्यात वरच्या बाजूला नवी ओळ भरली गेली, तर सगळ्या ओळी एकाने खाली ढकलल्या जातात आणि पडद्यावर ओळ खरोखरच दुसऱ्यांदा दिसते. स्क्रोलबार स्थिर असताना तक्ता बरोबर एका ओळीने हलला, ही त्याची खूण. शक्य असेल तिथे आधी तारखेची मर्यादा घालून तक्ता गोठवून घ्यावा.

माझ्या तक्त्याचे दुसरे रेकॉर्डिंग सेकंदाला पाच ओळींच्या वेगाने, तळापासून वर केले. दोन्हींतून ३१८ ओळी आल्या. क्रमांकागणिक ताडल्यावर पाच घरांत फरक निघाला आणि पाचही ठिकाणी गोंधळ ८ आणि ३ यांचाच होता. मूळ स्थिर फ्रेम उघडून ते आकडे दुरुस्त केले. १०:४२ च्या दोन्ही ओळी ११६ आणि ११७ या क्रमांकांवर होत्या, आणि ०.० च्या सव्वीस ओळी सव्वीसच भरल्या.